छताच्या नकाशावरून सोलरची मालयादी: मकरपुऱ्यातल्या एका शेडचा पूर्ण हिशेब

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत पत्र्याच्या शेडवर सोलर बसवायचं म्हटलं की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "किती किलोवॅट बसेल?" कोटेशन देणारा छताचं क्षेत्रफळ काढतो, पॅनलच्या क्षेत्रफळाने भागतो आणि आकडा सांगतो. मग त्याच आकड्यावरून रेल किती मीटर, क्लॅम्प किती, केबल किती, असं सगळं भागाकाराने निघतं. असा हिशेब छतावर पोचला की मोडतो, कारण हा माल एकूण मीटरांत लागत नाही, ओळींत लागतो. एक ओळ जिथे तुटते तिथे रेल तुटते, दोन नवी टोकं तयार होतात, क्लॅम्पचा प्रकार बदलतो आणि केबलची वाटही बदलते. म्हणून नकाशावर आधी ओळी पक्क्या करायच्या आणि मग मोजायला बसायचं.

खाली एका शेडचा हिशेब शेवटपर्यंत करून दाखवतो. शेड पूर्व-पश्चिम ३० मीटर लांब. आढं मधोमध, एक उतार दक्षिणेला आणि एक उत्तरेला. आपण फक्त दक्षिणेचा उतार घेणार. नकाशात या उताराची रुंदी ७.२० मीटर लिहिली आहे आणि उतार १० अंशांचा आहे. पॅनल ५४५ वॅटचं, २२७८ × ११३४ मिमी, फ्रेमची जाडी ३५ मिमी.

नकाशावर काय तपासायचं

नकाशा पीडीएफमध्ये आला असेल तर त्यावर पट्टी ठेवून मोजू नका. प्रिंट काढताना पान कागदात बसवण्यासाठी आकार लहान होतो आणि वर छापलेलं स्केल खोटं पडतं. लिहिलेलीच मापं घ्या आणि त्यातलं एखादं, समजा दोन खांबांमधलं अंतर, जागेवर टेपने ताडून पाहा.

दुसरं, ७.२० मीटर हे वरून पाहिलेलं माप आहे. पत्र्यावर टेप लावला तर ते वाढतं: ७.२० ला १० अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९८५ ने भागलं की ७.३१ मीटर येतात. इथे फरक ११ सेंटिमीटरचा आहे, पण उतार २० अंशांचा असता तर तो ४६ सेंटिमीटर झाला असता.

तिसरी गोष्ट नकाशात बहुतेक वेळा नसतेच: उजेडासाठी टाकलेला फायबरचा पारदर्शक पत्रा. या शेडवर तो मधोमध आहे, एक मीटर रुंद, आढ्यापासून वळचणीपर्यंत, लांबीच्या १४.५ ते १५.५ मीटरच्या दरम्यान. त्यावर पॅनल टाकलं तर खालच्या कामगारांचा उजेड जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यावर पाय पडला तर माणूस थेट खाली जातो. त्यामुळे तिथे ओळ तोडावीच लागते. आढ्यावर फिरते पंखे असतील तर त्यांची सावलीही नकाशावर काढून घ्या.

चौथं, पर्लिन. पत्र्याखालच्या या लोखंडी पट्ट्या आढ्याला समांतर जातात आणि सगळं वजन व वाऱ्याची ओढ शेवटी त्यांच्यावरच येते. नकाशात त्या दाखवलेल्या नसतील तर पत्र्यावरच्या जुन्या स्क्रूंच्या रांगा बघा. जिथे रांग, तिथे खाली पर्लिन. या शेडवर वळचणीपासून ०.१५, १.५०, २.८५, ४.२०, ५.५५ आणि ६.९० मीटरवर, म्हणजे दर १.३५ मीटरला एक, अशा सहा पर्लिन आहेत.

पॅनलची संख्या

क्षेत्रफळाचा हिशेब आधी करून टाकू, म्हणजे तो किती फसवतो ते कळेल. ३० गुणिले ७.३१ म्हणजे २१९ चौरस मीटर. एक पॅनल २.५८ चौरस मीटरचं. भागाकार ८४ पॅनल सांगतो.

आता पर्लिन बघा. पॅनल उभं, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवलं की त्याखालच्या दोन रेल आढ्याला समांतर जातात. रेलचे पाय स्क्रूने पर्लिनमध्येच जायला हवेत, म्हणून रेल पर्लिनच्या बरोबर वर यावी लागते. दोन पर्लिनमध्ये १.३५ मीटर आहेत. पॅनल त्यांवर मधोमध ठेवलं तर वर-खाली ४६४ मिमी बाहेर राहतं. या आकाराच्या पॅनलला क्लॅम्प साधारणपणे टोकापासून लांबीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्यात चालतो, म्हणजे ४५६ ते ५७० मिमी. आपण त्यात बसतो. तरी कंपनीच्या बसवणीच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा, कारण गॅरंटीचा वाद तिथेच होतो.

एक रांग १.५० आणि २.८५ च्या पर्लिनवर, दुसरी ४.२० आणि ५.५५ वर. दोन रांगांमध्ये ४२२ मिमीची फट उरते. ती वाया गेली असं समजू नका, धुण्यासाठी चालायला आणि केबलचा ट्रे टाकायला तीच वाट आहे. तिसरी रांग? नुसत्या लांबीने बघितलं तर तीन रांगा एकमेकींना चिकटवून ६.८७ मीटरमध्ये बसतात, पण मग रेल पर्लिन सोडून नुसत्या पत्र्यावर येतात. नुसत्या पत्र्यावर रिव्हेटने बसणाऱ्या आखूड रेल मिळतात, पण त्यात वाऱ्याची सगळी ओढ अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर येते. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. जुन्या पत्र्यावर मी ते करणार नाही. दोनच रांगा.

आता लांबी. दोन्ही टोकांना ०.६ मीटर सोडायचं आणि पारदर्शक पत्र्याच्या अलीकडे १० सेंटिमीटर थांबायचं, म्हणजे प्रत्येक बाजूला १३.८ मीटर मिळतात. दोन पॅनलमध्ये मिड क्लॅम्पसाठी २० मिमी धरा.

१२ पॅनल: १२ × ११३४ + ११ × २० = १३,८२८ मिमी
११ पॅनल: ११ × ११३४ + १० × २० = १२,६७४ मिमी

बारावं पॅनल २८ मिमीने हुकतं. इथे हात शिवशिवतो. पण एंड क्लॅम्पसाठी रेल दोन्हीकडे थोडी बाहेर काढावी लागतेच, आणि ३० मीटरच्या जुन्या शेडचं माप नकाशापेक्षा दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे. अकराच घ्या. पश्चिमेच्या ओळी १.० ते १३.७ मीटर आणि पूर्वेच्या १६.३ ते २९.० मीटर अशा ठेवल्या की कडेला पूर्ण एक मीटर मिळतो आणि पारदर्शक पत्र्याशेजारी जायला जागाही राहते.

म्हणजे ११ पॅनलच्या चार ओळी, एकूण ४४ पॅनल, २३.९८ किलोवॅट. क्षेत्रफळाच्या भागाकाराने सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ निम्मे.

रेल: मीटर नव्हे, तुकडे मोजा

ओळ १२.६७४ मीटरची. दोन्ही टोकांना ७५ मिमी रेल बाहेर, म्हणजे एक रेलरेषा साधारण १२.८३ मीटर. चार ओळी, प्रत्येकीखाली दोन, अशा आठ रेषा आणि एकूण १०२.६ मीटर.

समजा पुरवठादाराकडे रेल ४.२ मीटरची आहे. १०२.६ भागिले ४.२ म्हणजे २४.४, चला २५ मागवा, असं सहज लिहिलं जातं. पण एका रेषेत काय होतं ते बघा. तीन पूर्ण रेल मिळून १२.६० मीटर होतात आणि २३ सेंटिमीटर कमी पडतात. फॅब्रिकेटर म्हणतो, "साहेब, २३ सेंटीचा तुकडा जॉइंटरने टोकाला लावून देतो, काय बिघडतं?" बिघडतं असं की त्या तुकड्याखाली स्वतःचा पाय नसतो, तो जॉइंटरवर लोंबकळतो आणि नेमका शेवटचा एंड क्लॅम्प त्यावर येतो. वारा सगळ्यात जास्त ओढतो ती कडेचीच जागा. रेलच्या प्रत्येक तुकड्याला निदान दोन पाय मिळायला हवेत.

त्यामुळे रेषा ४.२० + ४.२० + २.३३ + २.१० अशी करावी लागते. आठ रेषांसाठी पूर्ण रेल १६, २.१० चे तुकडे एका रेलमधून दोन निघतात म्हणून ४, आणि २.३३ च्या तुकड्यांसाठी प्रत्येकी एक म्हणून ८. एकूण २८ रेल, आणि १.८७ मीटरचे आठ तुकडे उरतात. २५ मागवल्या असत्या तर काम तीन रेलसाठी अडलं असतं.

हेच जर ४.४ मीटरची रेल मिळाली तर तीन रेलमध्ये १३.२० मीटर होतात. प्रत्येक रेषेला तीन, एकूण फक्त २४ रेल. धातूही कमी (१०५.६ मीटर, आधीचे ११७.६) आणि जॉइंटर २४ च्या ऐवजी १६. म्हणून ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला "मीटरचा भाव काय" याच्याही आधी "लांबी कोणती" ते विचारा. पुढचा हिशेब ४.४ मीटरच्या रेलने करतो.

पाय आणि स्क्रू

रेल ज्या एल-फूटवर बसते ते दोन ठिकाणी जुळायला हवं: खाली पर्लिन हवी आणि वर पत्र्याचा उंचवटा हवा. सपाट नाळीत स्क्रू मारला तर पावसाचं पाणी त्याच्यावरूनच वाहतं. या पत्र्याचे उंचवटे दर २५० मिमीला आहेत. रेल बनवणाऱ्याने दोन पायांत जास्तीत जास्त १.२ मीटर चालेल असं दिलं असेल, तर आपल्याला १.० मीटर घ्यावं लागेल, कारण १.२ मीटरवर उंचवटाच येत नाही आणि १.२५ मर्यादेबाहेर जातं.

१२.८३ मीटरमध्ये १२ गाळे आणि १३ पाय, दोन्ही टोकांना ४१ सेंटिमीटर रेल बाहेर, असं कागदावर छान दिसतं. पण उंचवटे आपल्या सोयीने येत नाहीत. पहिला पाय रेलच्या टोकापासून २० सेंटिमीटरवर आला तर दुसऱ्या टोकाला ६३ सेंटिमीटर लोंबतात आणि तिथे आणखी एक पाय लागतोच. म्हणून रेषेला १४ धरा. आठ रेषांना ११२ एल-फूट, प्रत्येकाखाली एक ईपीडीएम रबरी पट्टी आणि रेलशी जोडायला एक टी-बोल्ट व नट.

स्क्रू प्रत्येक एल-फूटला दोन, म्हणजे २२४. लांबी ठरवताना उंचवट्याची उंची, एल-फूटची जाडी, रबर आणि पर्लिनची जाडी मिळवा आणि स्क्रूचं टोक पर्लिनच्या खाली नीट बाहेर येईल असं घ्या. आखूड स्क्रू नुसता पत्रा धरतो. ते ओळखायची खूण अशी की पर्लिनमध्ये शिरताना ड्रिलवर जोर वाढतो आणि शेवटी स्क्रू घट्ट बसतो. जो शेवटपर्यंत हलका फिरत राहिला, तो हवेत आहे. खालून बॅटरी मारून टोकं दिसतात का तेही बघता येतं. स्क्रू पडतात, वाकतात, हरवतात, म्हणून २५० घ्या.

क्लॅम्प

इथे सूत्र सोपं आहे, तरी चूक इथेच जास्त होते. दोन पॅनलमधल्या प्रत्येक फटीला दोन मिड क्लॅम्प, कारण खाली दोन रेल आहेत. ओळीच्या प्रत्येक टोकाला दोन एंड क्लॅम्प. अकराच्या ओळीत फटी दहा, म्हणून मिड २० आणि एंड ४. चार ओळींना मिड ८० आणि एंड १६.

पारदर्शक पत्रा लक्षात न घेता कोणी २२ च्या दोन अखंड ओळी धरल्या तर हिशेब मिड ८४ आणि एंड ८ असा येतो. एकूण क्लॅम्प ९२, आपले ९६. बेरीज जवळपास सारखी दिसते म्हणून चूक लक्षात येत नाही, पण एंड क्लॅम्प निम्मेच आलेले असतात. मग छतावर कोणीतरी मिड क्लॅम्पच टोकाला उलटसुलट करून आवळतो. तो एका बाजूने फ्रेमवर आणि दुसऱ्या बाजूने हवेत बसतो, आणि काही महिन्यांत सैल होतो.

फ्रेमच्या जाडीवरही लक्ष ठेवा. पुष्कळ मिड क्लॅम्प वेगवेगळ्या जाडीला चालतात, पण ठरावीक उंचीचा एंड क्लॅम्प ३५ मिमीचा असेल तर ३० मिमीच्या फ्रेमवर बसणार नाही. पॅनलची कंपनी ऐनवेळी बदलली तर एंड क्लॅम्पची ऑर्डरही बदलायला हवी.

अर्थिंगसाठी प्रत्येक मिड क्लॅम्पखाली दातेरी क्लिप टाका, म्हणजे ८०. ती फ्रेमवरचा अॅनोडायझिंगचा थर फोडून धातूला धातू भिडवते. जॉइंटरवरून जाणारे अर्थिंगचे जंपर १६ आणि प्रत्येक रेलरेषेला एक लग, म्हणजे ८. दोन रेषांमध्ये पारदर्शक पत्रा येतो तिथे त्या आपोआप जोडल्या जात नाहीत, तिथे वायर न्यावीच लागते.

स्ट्रिंग आणि केबल

केबलआधी स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ, ठरवावी लागते. या वर्गातल्या पॅनलचा उघडा, म्हणजे टोकांना काही न जोडता मिळणारा, व्होल्टेज साधारण ४९.७५ असतो. २२ पॅनल एका माळेत घेतले तर १०९४ व्होल्ट, आणि उत्तरायणाच्या सुमारास सकाळी पारा १० अंशांवर आला तर हा आकडा सुमारे चार टक्क्यांनी वाढून ११३८ होतो. ११०० व्होल्टच्या इन्व्हर्टरलाही ते झेपणार नाही. म्हणून ११ च्या चार स्ट्रिंग: थंडीत सुमारे ५६९ व्होल्ट, आणि मे महिन्यात पॅनल ६५ अंशांवर तापलं तरी चालू व्होल्टेज ३९५ च्या आसपास. एमपीपीटी म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं इन्व्हर्टरचं स्वतंत्र इनपुट. २० किलोवॅटच्या, दोन एमपीपीटी असलेल्या इन्व्हर्टरला प्रत्येक एमपीपीटीवर दोन स्ट्रिंग येतील. दोन स्ट्रिंगचा मिळून चालू करंट सुमारे २६ अँपिअर होतो. तो आणि ३९५ व्होल्ट, दोन्ही इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेत आहेत ना, ते पाहून घ्या.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर आहे. ट्रे दोन रांगांमधल्या वाटेतून पश्चिम कडेपर्यंत येतो आणि भिंतीवरून खाली उतरतो. कडेपासून इन्व्हर्टरजवळच्या डीसी बॉक्सपर्यंत ५ मीटर उतार, २ मीटर आडवं आणि बॉक्समध्ये १.५ मीटर शिल्लक, असे ८.५ मीटर प्रत्येक तारेला सारखेच लागतात. पॅनलपासून ट्रेपर्यंत १.५ मीटर धरा.

पश्चिमेच्या स्ट्रिंगचं जवळचं टोक: १.० + १.५ + ८.५ = ११.० मीटर
पश्चिमेच्या स्ट्रिंगचं दूरचं टोक: १३.७ + १.५ + ८.५ = २३.७ मीटर
पूर्वेच्या स्ट्रिंगचं जवळचं टोक: १६.३ + १.५ + ८.५ = २६.३ मीटर
पूर्वेच्या स्ट्रिंगचं दूरचं टोक: २९.० + १.५ + ८.५ = ३९.० मीटर

चौघांची बेरीज १००. वर एक आणि खाली एक अशा दोन रांगा, म्हणून २०० मीटर. आणि इथेच लाल १००, काळी १०० अशी ऑर्डर जाते. पण सगळी पॅनल एकाच दिशेने लावली आणि प्लस टोक दूरच्या बाजूला आलं, तर लाल केबल १२५.४ मीटर लागते आणि काळी ७४.६. लाल संपते, काळी उरते, आणि मग कोणीतरी काळ्या तारेवर लाल टेप गुंडाळून प्लस नेतो. असला प्रकार पुढे दुरुस्तीला येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. एका रांगेतली पॅनल १८० अंशांत फिरवली तर दोन्ही रंग १००-१०० होतात, पण मग तसं नकाशावर लिहून ठेवा. न फिरवता दहा टक्के वाढ धरली तर लाल १३८ आणि काळी ८२. १०० मीटरच्या कॉइलमध्ये घेत असाल तर लाल दोन आणि काळी एक.

४ चौरस मिमीची केबल पुरेल का, तेही बघून घेऊ. सगळ्यात लांब स्ट्रिंगची जाऊन-येऊन लांबी ६५.३ मीटर. मीटरला सुमारे ५ मिलिओहम धरले तर १३ अँपिअरला साधारण ४.२ व्होल्ट पडतात, म्हणजे २५ अंशांवर स्ट्रिंगचा चालू व्होल्टेज सुमारे ४६० असतो, त्याच्या एक टक्क्याच्या आत. पुरेल.

एमसी४ कनेक्टर: प्रत्येक स्ट्रिंगला पॅनलच्या बाजूला एक जोडी आणि डीसी बॉक्सपासून इन्व्हर्टरला जाताना एक जोडी. आठ जोड्या, वर दोन जास्त. पॅनलवर ज्या कंपनीचा कनेक्टर असेल त्याच कंपनीचा घ्या. वेगळ्या कंपनीचा खटकन बसतो, पण आतला संपर्क सैल राहतो आणि तो जळतो.

ट्रे छतावर २९ आणि खाली ७ मीटर, २.५ मीटरच्या नगात १५. केबल पॅनलखाली लोंबू देऊ नका, फ्रेमला स्टीलच्या क्लिपने धरा, पॅनलला तीन, म्हणजे १३२. बडोद्यात जानेवारीत पतंगाचा मांजा छताछतांवर अडकलेला असतो, आणि लोंबत्या तारेत तो गुंतला की ओढणारा काय ओढतोय हे त्याला दिसत नाही.

यादी लिहिताना

| माल | हिशेबाने | ऑर्डर |
|---|---|---|
| पॅनल | ४४ | ४४ |
| रेल, ४.४ मीटर | २४ | २५ |
| जॉइंटर | १६ | १७ |
| एल-फूट, रबर, टी-बोल्ट, नट | ११२ | ११८ |
| स्क्रू | २२४ | २५० |
| मिड क्लॅम्प | ८० | ८४ |
| एंड क्लॅम्प | १६ | २० |
| अर्थिंग क्लिप | ८० | ८४ |
| केबल, लाल | १२५.४ मी | १३८ मी |
| केबल, काळी | ७४.६ मी | ८२ मी |
| एमसी४ जोडी | ८ | १० |

सगळ्याला सरसकट पाच टक्के वाढ धरायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. १६ एंड क्लॅम्पचे पाच टक्के म्हणजे एकही नाही, आणि नेमका तोच खाली पडून वळचणीच्या पन्हाळीत जातो. संख्या कमी असेल तिथे टक्क्यांऐवजी नग वाढवा. पॅनल मात्र जास्त घेऊ नका. वाटेत फुटलं तर पुरवठादाराकडून बदलून घ्यायचं, म्हणून उतरवतानाच प्रत्येकाची काच आणि मागची बाजू बघून पावतीवर शेरा मारा.

माल आला की वर चढवण्याआधी जमिनीवर एक जोडणी करून बघा: रेलचे दोन तुकडे, एक जॉइंटर, एक पॅनल, एक एंड क्लॅम्प. क्लॅम्पची जीभ फ्रेमवर सपाट टेकते का आणि टी-बोल्ट रेलच्या खाचेत पूर्ण फिरतो का, ते तिथेच कळतं. बोल्ट अर्धवट फिरून अडकत असेल तर रेल एका कंपनीची आणि बोल्ट दुसऱ्या कंपनीचा आहे, आणि ११८ बोल्ट परत पाठवायचे आहेत.